प्रीपेड इन्शुरन्स, वर्षभर वापरून: ते १,५२० रुपये कुठून उरले?

१६ ऑगस्टला वर्कशॉपची आगीची पॉलिसी संपली. दुसऱ्या दिवशी ऑगस्टची शेवटची नोंद टाकून प्रीपेड इन्शुरन्सचं, म्हणजे आधी भरलेल्या पण अजून खर्चात न टाकलेल्या हप्त्याचं, लेजर उघडलं, तर त्यात १,५२० रुपये शिल्लक. पॉलिसी संपली, मग पुढच्या महिन्यांचा खर्च आला कुठून? दोन रात्री झोप नाही, भावा.

आधी पद्धतीबद्दल. पूर्वी सगळा हप्ता ऑगस्टच्या खर्चात पडायचा. तो महिना तोट्यात दिसायचा आणि सप्टेंबरमध्ये आपण फार कमावतोय असं वाटून मी जॉबवर्कचे दर उगाच खाली आणायचो. म्हणून गेल्या १७ ऑगस्टपासून हप्ता वर्षभर पसरला.

बिल ८६,१४० चं होतं. त्यातला १३,१४० जीएसटी. त्याचं क्रेडिट आम्ही त्याच महिन्यात घेतो, म्हणून प्रीपेडला फक्त ७३,००० नेले. (क्रेडिट मिळत नसेल तर जीएसटीसकट न्यायचे.) मग दर महिनाअखेरीस एक जर्नल: इन्शुरन्स खर्च नावे, प्रीपेड इन्शुरन्स जमा.

सीए म्हणाले, दिवसांवर काढा. मला ती चिकटगिरी वाटली. बारानं भागलं की झालं! पण पॉलिसी १७ तारखेची. बारानं भागून ऑगस्टला पूर्ण महिना लावला असता, तर १५ दिवसांसाठी ६,०८३ रुपये खर्च पडला असता. ३६५ नं भागलं तर रोजचे बरोबर २०० येतात, म्हणजे ऑगस्टचे ३,०००. मुकाट्यानं ऐकलं. ३१ मार्चला १३८ दिवस उरले होते, त्यांचे २७,६०० ताळेबंदात चालू मालमत्तेत गेले.

आता ते १,५२०. जानेवारीत नवीन लेथ आलं, १ तारखेपासून ते पॉलिसीत वाढवून घेतलं. जादा हप्ता जीएसटी सोडून ४,५६०. सवयीनं मी तो बारानं भागला, महिन्याला ३८०. पण वाढवलेलं संरक्षणही मूळ पॉलिसीबरोबर १६ ऑगस्टलाच संपतं! एकूण २२८ दिवस, रोजचे २० रुपये. मी ऑगस्टपर्यंत आठ महिन्यांचे ३,०४० च खर्चात टाकले होते. उरलेले तेच १,५२०. मार्चच्या ताळेबंदातही २,७६० ऐवजी ३,४२० गेले होते. ६६० रुपयांचा फरक, सीएंनी हसून सोडला. मला मात्र अजून टोचतो.

ते १,५२० ऑगस्टमध्येच खर्चात टाकले. आता नवीन पॉलिसी आली की शेवटची तारीख आधी लेजरच्या नावातच लिहितो आणि त्या दिवशी शिल्लक शून्य आहे का बघतो. सगळ्या महिन्यांच्या नोंदी पोस्ट-डेटेड करून ठेवल्यात, कारण नोव्हेंबरची एक विसरलो होतो.

स्कूटरचा हप्ता मात्र असाच एका फटक्यात खर्चात टाकतो. तेवढ्यासाठी बारा नोंदी करत बसायला मी काय रिकामा आहे?