डोमेन कोणाच्या नावावर आहे, ते आधी बघा

माझ्या वहिनी नागपुरात महालात घरूनच सावजी मसाला विकतात. मागच्या वर्षी सीताबर्डीच्या एका वेबसाइटवाल्याने त्यांना डोमेन म्हणजे साइटचं नाव, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा, आणि ऑनलाइन दुकान असं सगळं मिळून 18,000 रुपयांत करून दिलं. काम चांगलं होतं, त्यात वाद नाही. पाकिटांवर साइटचं नाव छापलं, ऑर्डरी यायला लागल्या. वर्ष भरत आलं आणि रिन्यूअलचा आकडा आला: 24,000.

.com डोमेनचं रिन्यूअल साधारण हजार-दीड हजारात होतं. वहिनी म्हणाल्या, डोमेनचं आम्हीच भरतो, लॉगिन द्या. त्यावर उत्तर आलं, "ते तुमचं नाही न ताई, आमच्या अकाउंटचं आहे. तुम्ही फक्त वापरून राहिल्या."

डोमेनची नोंदणी दाखवणाऱ्या lookup.icann.org वर साइटचं नाव टाकून पाहिलं, तर Registrant म्हणजे धारकाच्या रकान्यात त्याच्याच फर्मचं नाव. (बऱ्याचदा हा रकाना झाकलेला असतो, तेव्हा डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीचं, म्हणजे रजिस्ट्रारचं लॉगिन आणि तिथला ईमेल कोणाचा आहे, हेच बघावं लागतं.) आमच्या बिलावर डोमेनचा उल्लेखसुद्धा नव्हता, नुसतं 'वेबसाइट पॅकेज'. खरी मेख तिथे होती. पैसे कोणी दिले याच्याशी रजिस्ट्रारला देणंघेणं नसतं, नोंदणीत ज्याचं नाव तोच धारक. डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा ऑथ कोड त्यालाच मिळतो. त्याने रिन्यू केलंच नाही, तर साइट आणि त्या नावावरचे ईमेल बंद. काही दिवसांची सवलत संपली की 30 दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, तेही फक्त धारकाला. पुढे नाव कोणीही घेऊ शकतो. आमची छापलेली पाकिटं मग रद्दीत.

बरीच घासाघीस होऊन तो 7,000 वर आला. "नाव बदलून देतो, मग तुम्ही पाहिजे त्या कंपनीत न्या," म्हणाला. ऐकायला सरळ वाटतं, पण .com मध्ये धारकाचं नाव बदललं की बहुतेक रजिस्ट्रार 60 दिवस दुसऱ्या कंपनीत ट्रान्सफर करू देत नाहीत. तोवर मुदत टळून गेली असती. म्हणून वहिनींचं त्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडलं आणि डोमेन त्या खात्यात 'पुश' करायला लावलं. कंपनी बदलत नसल्यामुळे त्या लॉकचा अडथळा येत नाही. डोमेन वहिनींच्या खात्यात दिसल्यावर आणि धारक म्हणून त्यांचं नाव-ईमेल चढल्यावरच पैसे दिले, आणि लगेच रिन्यू केलं.

होस्टिंग त्याच्याकडेच राहिलं. दुकान वूकॉमर्स या तयार सॉफ्टवेअरवर होतं, त्यामुळे अ‍ॅडमिन लॉगिन चालू होतं तोवर मालाची यादी CSV मध्ये उतरवून घेता आली. फोटोंच्या फाइली आणि जुन्या ऑर्डरी त्यात येत नाहीत, सर्व्हरच्या पूर्ण बॅकअपमध्ये त्या येतात. तो त्याने दिला नाही. फोटो वहिनींनी परत काढले.