दोन एकरांचे जाळीचे कुंपण: एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यानंतर

कुंपण १० महिन्यांपूर्वी, डिसेंबरात उभे राहिले. पाच फुटी चेन लिंक जाळी, आठ फुटी सिमेंटचे खांब, जाळीच्या वर काटेरी तारेचे दोन पदर आणि जमिनीलगत एक. शेत १३२ फूट रुंद आणि ६६० फूट लांब, म्हणजे बरोबर दोन एकर. वरचे टोक मुरमाड आहे आणि खालचे काळ्या मातीत. एकाच मालाचे, एकाच हाताचे काम दोन्ही जमिनींत कसे वागले हे त्यामुळे शेजारी शेजारी पाहायला मिळाले. जाळीबद्दल तक्रार नाही. जे बिघडले ते खांबात, टेक्यात आणि बांधणीच्या तारेत.

आधी लांबीचा हिशोब, कारण बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. "दोन एकराला किती जाळी लागेल?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दोन एकर चौरस असते तर चारही बाजू मिळून सुमारे ११८१ फूट भरले असते. पट्टीसारख्या या शेताचा घेर १५८४ फूट आहे, क्षेत्र तेवढेच असून ४०० फूट जास्त. म्हणून एकरावर दिलेला भाव ऐकू नका, मोजणीच्या खुणांवरून टेप धरा आणि रनिंग फुटाचा भाव विचारा. हद्दीबाबत शेजाऱ्याशी थोडीही कुरबुर असेल तर सरकारी मोजणी आधी करून घ्यावी. सिमेंटमध्ये बसलेला खांब नंतर हलवणे फार महागात पडते.

१२ फुटांचे फाटक वजा केल्यावर जाळी लागली १५७२ फूट. ५० फुटी बंडल धरले तर ३२. दोन बंडले जोडताना जाळी एकावर एक चढवावी लागत नाही. टोकाची एक नागमोडी तार फिरवून बाहेर काढायची, दोन्ही कडा जवळ आणायच्या आणि तीच तार परत ओवायची, की जोड दिसतसुद्धा नाही.

जाळी ३ इंची घराची, १० गेजची आहे. गेज डोळ्यांनी ओळखू येत नाही, काट्यावर कळतो. पाच फूट बाय ५० फुटांचे ३ इंची बंडल १० गेजचे असेल तर ४० किलोच्या आसपास भरते, १२ गेजचे २७ किलोच्या आसपास. बंडलावर १० गेज लिहिलेले आणि वजन ३० किलो, असे दिसले तर तार बारीक आहे किंवा घर मोठे आहे. काटेरी तारेलाही हेच लागू पडते. ती किलोवर मिळते आणि आपल्याला हवी असते फुटांत, म्हणून दुकानातच मीटरभर तुकडा तोलून घ्या, मग किती किलो मागायची ते ठरवा. इथे तीन पदरांना ४७१६ फूट तार लागत होती. पीळ, गाठी आणि ओढ यांसाठी पाच टक्के वाढवून साधारण ४९५० फूट घेतली, ती पुरली.

खांब दहा फुटांवर आहेत. मोजताना एकूण घेराला दहाने भागू नका, प्रत्येक बाजू वेगळी धरा. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक गाळा. लांब बाजूंना ६६-६६ गाळे, मागच्या आखूड बाजूला १४, पुढच्या बाजूला फाटकाव्यतिरिक्त १२ आणि फाटकाचा एक, असे १५९ गाळे झाले. घेर बंद असल्यामुळे खांबही तेवढेच, १५९. हा आकडा सगळे काढतात. टेक्यांचे खांब मात्र विसरतात. चार कोपऱ्यांना दोन-दोन, फाटकाच्या दोन खांबांना एक-एक, आणि लांब बाजूंवर दर ११० फुटांवर, जिथून जाळी आणि तार ताणतात त्या ओढ-खांबाला दोन-दोन. असे दहा ओढ-खांब आहेत, म्हणजे एकूण टेके ३०. मागणी १८९ ची हवी, आणि उतरवताना चार-पाच मोडतात म्हणून १९५ ची.

आता बिघाडाकडे. मुरमाड भागातले खांब दोन फूट खोल आहेत आणि आजही ओळंब्यात आहेत. काळ्या मातीतही खोली दोनच फूट ठेवली गेली, ही मुख्य चूक. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. एप्रिलमध्ये खांबाभोवती बोटभर फट पडली, जुलैत माती फुगून खांब सरकले आणि शेवटचे ११० फूट बाहेरच्या बाजूला झुकले. काळ्यात अडीच ते तीन फूट खोली हवी, म्हणजे पाच फुटी जाळीला आठऐवजी नऊ फुटी खांब. खड्डा खाली किंचित रुंद घ्यावा. वर रुंद आणि खाली निमुळता झाला, तर फुगणारी माती काँक्रीटला खालून धरून वर उचलते. दोन फूट खोल आणि फूटभर चौकोनी खड्ड्यांना १:३:६ मालात सिमेंटचे एक पोते चार-पाच खड्ड्यांना पुरते. खोली वाढली की तीन-साडेतीनला.

कोपऱ्यांचे चुकले ते टेक्यांमुळे. टेका कुंपणाच्या रेषेतच, तार ज्या बाजूला ओढते त्या बाजूने लावायचा असतो. त्याचे वरचे टोक खांबाच्या दोन-तृतीयांश उंचीवर आणि पाय चार फूट लांब, काँक्रीटमध्ये. इथे दोन कोपऱ्यांवर पाय नुसते माती ठोकून बसवले होते. पहिल्या मोठ्या पावसानंतर ते रुतले, कोपरा आत आला आणि त्या बाजूची काटेरी तार हाताने चार इंच खाली दाबता येऊ लागली. ढिलेपणा गाळ्यात दिसला तरी आधी कोपरा तपासा, कारण तिथला खांब इंचभर हलला की सगळी बाजू सैल पडते.

जाळी स्वतःच्या बळावर ताठ राहत नाही. वर, मध्ये आणि खाली १० गेजची साधी जीआय तार ओढावी लागते. तीन ओळींना साधारण १०० किलो. ती आधी ताणायची, मग जाळी तिला बांधायची. शेवटच्या घरांतून सळई ओवून चेन पुलीने ओढले की ताण सगळ्या उंचीवर सारखा बसतो. काँक्रीटला सात दिवस पाणी दिल्याशिवाय ओढू नये. बांधायला बांधकामावरची काळी बाइंडिंग तार वापरली गेली, ती एका पावसाळ्यात गंजून तुटू लागली. जाळी चकचकीत आणि बांधण्या तांबड्या, असे चित्र आहे. जीआय बांधणी तारेचा खर्च किरकोळ असतो, तिथे काटकसर करू नका.

काटेरी पदरांपैकी सर्वात कामाचा ठरला तो खालचा. जमिनीपासून तीन इंचांवर, जाळीच्या बाहेरून. रानडुक्कर जाळी फाडत नाही, खालून नाक घालून उचलते. पदर ताठ आहे तिथे एकही वाट पडलेली नाही, झुकलेल्या भागात दोन पडल्या. वरचे दोन पदर पाच-पाच इंचांवर आहेत. ते माणसांना आणि गुरांना पुरतात, पण रोही साधारण सहा फुटांचे हे कुंपण सहज पार करतो. त्याच्यासाठी पदर वाढवून फारसे साधत नाही.

खालच्या कोपऱ्यातून ओघळ जातो. तिथे जाळी जमिनीपर्यंत नेली होती. काडीकचरा अडकून तिची भिंत झाली आणि पाण्याने दोन खांब आडवे केले. ओघळावर मुख्य जाळी दीड फूट वर संपवून खाली वेगळा तुकडा फक्त वरच्या कडेने लटकता ठेवायला हवा, म्हणजे पूर आला की तो उचलला जातो. वाऱ्याचेही असेच आहे. मोकळ्या जाळीतून वारा निघून जातो, पण तिच्यावर शेडनेट किंवा जुन्या साड्या बांधल्या की तीच जाळी शीड होते आणि दहा फुटांवरचे खांब ते ओझे पेलत नाहीत. आडोसा हवाच असेल तर त्या बाजूला खांब आठ फुटांवर घ्या.

झुकलेले ११० फूट आता खरीप निघाल्यावर, वाफसा असताना पुन्हा बसवायचे आहेत. मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत खड्डे घेतले तर भेगा काँक्रीटच्या कडेने तशाच राहतात आणि पहिले पाणी थेट बुडाशी जाते.