किकऑफ डेकमधून रेसी चार्ट: थेट भरायचा की आधी नोंदी काढायच्या?

देवगडच्या एका आंबा पॅकहाऊसमध्ये नोव्हेंबरात प्रोजेक्ट सुरू झाला. ग्रेडिंग लाइन, कोल्ड रूम आणि प्रत्येक पेटीवर क्यूआर कोड, हे सगळं मार्चच्या आत उभं करायचं होतं. किकऑफचा डेक 26 स्लाइडचा, आणि कोण काय करणार हे त्यात होतं पण एका जागी नव्हतं, थोडं टीमच्या स्लाइडवर, थोडं टाइमलाइनवर, थोडं रिस्कमध्ये. त्यातून रेसी चार्ट काढायचं काम माझ्याकडे आलं. ओळींत कामं, वर आडवी माणसं, आणि चौकटीत अक्षर: R म्हणजे जो प्रत्यक्ष काम करतो, A म्हणजे शेवटी ज्याने जाब द्यायचाय, C म्हणजे ज्याला विचारायचं, I म्हणजे ज्याला नुसतं कळवायचं.

हा चार्ट काढायच्या दोन पद्धती आहेत आणि मी दोन्ही वापरल्यात, त्यामुळे कुठली घ्यायची ते ठरवत असाल तर फरक सांगतो.

पहिली सोपी. डेक उघडायचा, स्लाइड 1 पासून पुढे जायचं आणि नाव दिसलं की चार्टमध्ये अक्षर टाकायचं. आमच्या डेकला पाऊण तास लागला आणि चार्ट बघायला मस्त दिसत होता. दुसरीला अर्धा दिवस लागतो. आधी फक्त कामांची यादी करायची, स्कोप, टाइमलाइन आणि डिलिव्हरेबल्स या तीनच स्लाइडवरून, तेव्हा नावांकडे बघायचंच नाही. मग वेगळ्या शीटमध्ये प्रत्येक उल्लेखाची नोंद करायची: स्लाइड नंबर, शब्द जसेच्या तसे, कोणाबद्दल, कुठल्या कामाबद्दल, आणि स्पष्ट लिहिलंय की आपण अंदाज करतोय. चार्ट त्यानंतर भरायचा.

एवढा वेळ कशाला घालवायचा ते एका ओळीवरून कळेल. काम होतं बागायतदारांची नोंदणी. 2018 साली हापूसला जीआय मिळालंय, पण पेटी कुठल्या बागेतली हे क्यूआरवर दाखवायचं तर आधी बागांची माहिती गोळा व्हायला हवी, म्हणजे कुणकेश्वर, मिठबाव, पडेल असं गावोगाव फिरणं आलं. डेकमधले उल्लेख असे होते:

- स्लाइड 4, टीम: फील्ड कोऑर्डिनेटर, खाली लिहिलेलं 'फार्मर इंटरफेस'
- स्लाइड 9, स्कोप: 'नोंदणी ऑप्स आणि फील्ड टीम मिळून करतील'
- स्लाइड 14, टाइमलाइन: 'नोंदणी' नावाची पट्टी, रंग सॉफ्टवेअर व्हेंडरचा
- स्लाइड 19, रिस्क: 'बागायतदारांचा डेटा उशिरा येणे, ओनर अण्णा'

पहिल्या पद्धतीत मी काय केलं, तर स्लाइड 19 वर 'ओनर' दिसलं म्हणून अण्णांना A दिला, ऑप्स आणि फील्ड दोघांना R, व्हेंडरलाही R. ओळ भरली. पण त्यात तीन चुका होत्या आणि चार्टकडे बघून एकही कळत नव्हती.

एक तर रिस्कचा ओनर म्हणजे कामाचा ओनर नव्हे. त्याने फक्त त्या धोक्यावर लक्ष ठेवायचं आणि उशीर होतोय असं दिसलं की बोलायचं. दुसरं, पट्टीचा रंग व्हेंडरचा होता कारण नोंदणीचा फॉर्म तो बनवणार होता, गावात फिरायला तो येणार नव्हता, म्हणजे एका शब्दाखाली दोन वेगळी कामं होती. आणि तिसरं म्हणजे अण्णा, 'ऑप्स' आणि स्लाइड 4 वरचे 'पॅकहाऊस मॅनेजर' हा एकच माणूस! मी त्याला दोन कॉलम दिले होते. म्हणून आता नोंदी काढायच्या आधी मी कोणाला कुठल्या कुठल्या नावाने लिहिलंय त्याची छोटी यादी करतो.

नोंदी काढून तीच ओळ परत भरली तेव्हा तिच्या दोन झाल्या. फॉर्म बनवणं, R व्हेंडर, A आमच्याकडचा आयटीवाला, हे स्लाइड 11 वर 'साइन-ऑफ' शब्दासकट स्पष्ट होतं. गावातली नोंदणी, R फील्ड कोऑर्डिनेटर, आणि A ची चौकट रिकामी, तिथे प्रश्नचिन्ह. 'मिळून करतील' मधून A निघत नाही. 'सपोर्ट', 'कोऑर्डिनेट', 'इन्व्हॉल्व्ड' या शब्दांचंही तेच, त्यावरून अक्षर ठरवू नका, विचारा. चार्ट अर्धा रिकामा दिसला तरी चालेल, डेकमध्ये नाही ते आपण भरलं की पुढे ते डेकचंच म्हणून चालतं.

पण माझ्या मते खरा फरक ज्या कामांना नावच नाही तिथे आहे. टाइमलाइनवर जानेवारीच्या शेवटी टप्पा दाखवणारा एक हिरा होता, 'पॉवर रेडी'. कोल्ड रूमला वाढीव लोडची मंजुरी हवी आणि लाइट गेली तर जनरेटर हवा, हे सगळं त्या दोन शब्दांत. 26 स्लाइडमध्ये त्यापुढे कोणाचंही नाव नाही, सगळीकडे 'केलं जाईल'. नावांच्या मागे जाणाऱ्या पद्धतीत हे काम चार्टमध्ये येतच नाही, कारण पकडायला नाव नसतं. कामांपासून सुरुवात केली की ती ओळ पूर्ण रिकामी उभी राहते आणि डोळ्यात भरते.

दोन्ही पद्धतींत काही गोष्टी सुटतात त्या वेगळ्या बघाव्या लागतात. सर्च मारून नावं शोधत असाल तर चित्र म्हणून चिकटवलेल्या तक्त्यातलं नाव सापडत नाही, आमचा गँट चार्ट तसाच स्क्रीनशॉट होता. स्लाइडखालच्या नोट्स वाचा. हिडन स्लाइड बघा, डावीकडे तिच्या नंबरवर काट मारलेली असते, पण तिथलं नाव जुनंही असू शकतं म्हणून ते 'अंदाज' मध्येच टाका. आणि कुठल्या व्हर्जनवरून चार्ट काढला ते वर लिहा, मीटिंगमध्ये दाखवलेला डेक आणि मेलवर आलेला डेक एकच असेल असं नाही.

भरून झालं की एका ओळीत A एकच आहे ना ते तपासायला शेवटच्या कॉलममध्ये हे टाका, माणसं B ते H मध्ये आहेत असं धरून:

```
=COUNTIF(B2:H2,"*A*")
```

1 आला तर ठीक. 0 म्हणजे विचारायचं बाकी, 2 म्हणजे एकतर काम फोडायचंय नाहीतर दोघांना समोरासमोर बसवायचंय. चौकटीत `A/R` असेल तरी मोजलं जातं.

आता निवड. माणसं पाच-सहा असतील आणि डेकमध्ये कामासमोर ओनरचा कॉलम आधीच असेल तर थेट भरा, नोंदींची गरज नाही. बाहेरचे व्हेंडर असतील, एकाच माणसाला तीन नावांनी लिहिलं असेल किंवा डेक दोघातिघांनी तुकड्यातुकड्यांनी बनवला असेल तर अर्धा दिवस द्या. डेक बाजूला ठेवून सगळ्यांना कॉलवर विचारायचा पर्यायही आहे, पण त्यात जो जास्त बोलतो त्याचंच चार्टमध्ये जातं, म्हणून मी तो फक्त प्रश्नचिन्हांसाठी ठेवतो.

विचारायला जाताना नोंदी कामाला येतात. थेट भरलेला चार्ट घेऊन गेलो तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "ह्यां काम माका कोणी सांगूक नाय", आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. दुसऱ्या वेळी स्लाइड 9 आणि 19 चे शब्द समोर ठेवले. त्यांनी वाचले, रिस्कवरचं नाव मान्य केलं, नोंदणीचा A स्वतःकडे घेतला आणि तारीख विचारली. मग 'पॉवर रेडी'ची रिकामी ओळ दाखवली. ती बघून त्यांनी तिथेच इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला, तेव्हा कळलं की लोडचा अर्ज अजून कोणी भरलेलाच नव्हता. तो डिसेंबरचा पहिला आठवडा होता.