पाच लाखांचा मेडिक्लेम आणि वर सुपर टॉप-अप: वर्षभरात दोनदा ॲडमिट झाल्यानंतर

एप्रिल २०२५ मध्ये आमच्यासमोर दोन पर्याय होते. पाच लाखांचा जुना फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एक पॉलिसी, थेट २५ लाखांचा करायचा, किंवा तो तसाच ठेवून वर पाच लाखांपुढचा खर्च उचलणारा २० लाखांचा सुपर टॉप-अप घ्यायचा. पुण्यात बऱ्या रुग्णालयातली एखादी शस्त्रक्रियाही पाच लाखांना जाऊन भिडते, त्यामुळे काहीतरी करणं भाग होतं. मूळ पॉलिसी वाढवली तर हप्ता साधारण १८ हजारांनी वाढणार होता, सुपर टॉप-अप साडेसात हजारांत मिळत होता. आम्ही स्वस्तातला घेतला, तोही दुसऱ्या कंपनीचा.

जूनमध्ये ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. मंजूर रक्कम ३ लाख ६२ हजार, सगळी मूळ पॉलिसीतून कॅशलेस गेली. ऑक्टोबरमध्ये डेंग्यू बिघडला आणि ह्यांना आयसीयूत ठेवावं लागलं. बिल ४ लाख ६० हजार. मूळ पॉलिसीत तेव्हा फक्त १ लाख ३८ हजार उरले होते.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतला फरक मला तिथे खऱ्या अर्थाने कळला. वजावट म्हणजे जितका खर्च झाल्यावर टॉप-अप पैसे द्यायला लागतो ती रक्कम. साध्या टॉप-अपमध्ये ही पाच लाखांची वजावट प्रत्येक ॲडमिशनला वेगळी धरतात. आमची दोन्ही बिलं पाच लाखांच्या आत होती, म्हणजे साध्या टॉप-अपमधून एक रुपयाही आला नसता. सुपर टॉप-अप वर्षभरातल्या मंजूर खर्चाची बेरीज धरतो. ऑक्टोबरच्या बिलातले ३४ हजार ग्लोव्ह्ज, किट वगैरेंचे म्हणून नामंजूर झाले, उरले ४ लाख २६ हजार. त्यात जूनचे ३ लाख ६२ हजार मिळवले की ७ लाख ८८ हजार होतात. त्यातून पाच लाख वजा जाता २ लाख ८८ हजार सुपर टॉप-अपने दिले. म्हणजे ४ लाख ६० हजारांच्या बिलात आमच्या खिशातून शेवटी ३४ हजारच गेले.

पण हे शेवटी. डिस्चार्जच्या दिवशी रुग्णालयातल्या, विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या टीपीए डेस्कने सांगितलं की एका ॲडमिशनला दोन कंपन्यांचं कॅशलेस ते करत नाहीत, उरलेले ३ लाख २२ हजार भरा. एफडी मोडून भरले. नंतर दुसऱ्या कंपनीकडे रिइम्बर्समेंट. मूळ कागद पहिल्या कंपनीकडे गेलेले, त्यामुळे तिथून सेटलमेंट लेटर आणायचं, रुग्णालयाकडून बिलं आणि डिस्चार्ज समरीच्या शिक्का मारलेल्या प्रती घ्यायच्या, आणि जूनच्या ॲडमिशनचेही तेच सगळे कागद जोडायचे, कारण पाच लाख कसे ओलांडले ते दाखवावं लागतं. जूनची फाइल मी नीट ठेवली नव्हती, त्यात दोन आठवडे गेले. पैसे यायला एकूण ४१ दिवस लागले. मूळ पॉलिसीच २५ लाखांची असती तर ही दुसरी फाइलच झाली नसती. म्हणून सुपर टॉप-अप असेल तर पहिल्याच ॲडमिशनला, क्लेम करायचा नसला तरी, त्या कंपनीला कळवा आणि प्रतींचा एक संच काढून ठेवा.

आमचं एक नशीब म्हणजे दोन्ही पॉलिसींची तारीख एकच होती. माझ्या नणंदेची मूळ पॉलिसी एप्रिलची आणि सुपर टॉप-अप ऑगस्टचा. तिच्याकडेही जून आणि ऑक्टोबर अशी दोन ॲडमिशन्स झाली, पण सुपर टॉप-अपच्या हिशेबात जून जुन्या वर्षात पडला आणि ऑक्टोबर नव्या. दोन्ही वर्षांत बेरीज पाच लाखांच्या खाली राहिली, आणि इकडे मूळ पॉलिसी संपलेली. मधले पैसे तिने स्वतः भरले. याबद्दल विकताना तिला कोणीही सांगितलं नव्हतं, आणि मला त्याचा फार राग येतो.

या एप्रिलमध्ये नूतनीकरणाच्या वेळी मी पुन्हा मूळ पॉलिसी वाढवण्याचं विचारलं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे दोन्हींतलं अंतर थोडं कमीही झालं होतं. पण आता ह्यांच्या फाइलवर हृदयविकार आहे. वाढीव रकमेला कंपनी नव्याने तपासणी लावते, हृदयविकारासाठी त्या वाढीव भागाचा प्रतीक्षा काळ पुन्हा सुरू होतो, तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. आम्हाला तर नकारच आला. साडेदहा हजार वाचवताना मी हे धरलंच नव्हतं: टॉप-अप पुढेही घेता येईल असं वाटत राहतं, पण मूळ पॉलिसी वाढवण्याची संधी तब्येत चांगली आहे तोवरच असते.

त्यामुळे आमच्यासाठी सुपर टॉप-अपच चालू ठेवलाय, वजावट पाच लाखच. २४ वर्षांच्या मुलीसाठी मात्र उलटा क्रम लावला. तिच्या नोकरीतलं विमा कवच नोकरीबरोबर जाईल, म्हणून तिची स्वतःची मूळ पॉलिसी आधी दहा लाखांची काढली, खोलीभाड्याची मर्यादा नसलेली. तिचा सुपर टॉप-अप त्याच कंपनीचा आणि त्याच तारखेचा घेतलाय.