नमुना घरी घ्यावा की दवाखान्यात द्यावा? लघवी, शौच आणि थुंकीची तुलना

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की लॅबमधून रिकामी डबी हातात पडते आणि पहिला प्रश्न उभा राहतो: घरून घेऊन येऊ, की इथेच देऊ? कोकणात हा प्रश्न साधा नाही. वाडीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत, तिथून घाटवळणांचा रस्ता, वर उकाडा. अशा वेळी तिन्ही नमुन्यांना एकच उत्तर लावलं, तर त्यातला एखादा हमखास बिघडतो. वाटेतल्या दोन-तीन तासांत प्रत्येक नमुन्याचं काय होतं, हे पाहून ठरवावं.

लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, असेल तर नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. लघवीत जंतू वाढतात, आणि दमट उकाड्यात जोमाने वाढतात. समजा, देवगड तालुक्यातल्या आतल्या गावात एका बाईंनी सकाळी ७ वाजता घरी नमुना घेतला. त्यात बाहेरच्या त्वचेवरून आलेले, एका मिलिलीटरला फक्त १,००० जंतू आहेत. साडेसातची एसटी, दीड तासाचा प्रवास, मग खिडकीवरची रांग. डबी तपासणीला लागेपर्यंत साडेदहा वाजले. उकाड्यात जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होत गेले असं धरलं, तर साडेतीन तासांत सात वेळा दुप्पट, म्हणजे १,२८,०००. एका मिलिलीटरला १ लाख हा आकडा लॅब सहसा संसर्गाची खूण मानते. बाईंना संसर्ग नसतानाही रिपोर्टात तो दिसू शकतो आणि नको असलेलं अँटिबायोटिक सुरू होतं. अनेक जातींचे जंतू एकत्र वाढले, तर लॅब नमुना दूषित ठरवून पुन्हा मागवते. म्हणजे दुसरी एसटी, दुसरा दिवस.

घरूनच आणायचं असेल, तर दोन तासांत पोचवावं. ते जमणार नसेल, तर घेतल्याबरोबर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत ठेवावं आणि वाटेतही गारच ठेवावं. असा नमुना २४ तासांपर्यंत चालतो. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून नेता येतं, पण मासे आणायचा डबा यासाठी वापरू नये. डबी आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावी, नाहीतर वितळलेलं पाणी झाकणात शिरतं आणि लेबल धुऊन निघतं.

पद्धत दोन्हीकडे तीच. सकाळची पहिली किंवा निदान चार तास पोटात राहिलेली लघवी उत्तम. लॅबमध्ये द्यायची म्हणून वाटेत तांब्याभर पाणी पिऊ नये, नमुना पातळ होतो. साबणाने हात धुवावेत. बायकांनी साध्या पाण्याने पुढून मागे धुवून, बाहेरच्या घड्या बोटांनी बाजूला धरून ठेवाव्यात. पुरुषांनी कातडी मागे घेऊन धुवावं. डेटॉलसारखं जंतुनाशक वापरू नये. त्याचा थेंब लघवीत उतरला तर खरे जंतूही मरतात आणि संसर्ग असूनही कल्चर कोरं येतं. पहिली धार सोडून द्यावी, कारण मूत्रमार्गाच्या तोंडाचे जंतू तिच्याबरोबर निघून जातात. धार न थांबवता डबी मध्ये धरावी, १० ते २० मिलिलीटर घ्यावं आणि उरलेली लघवी बाहेर जाऊ द्यावी. डबी लॅबने दिलेली निर्जंतुकच हवी. झाकण ओट्यावर उपडं ठेवू नये, आत बोट लावू नये.

शौचाच्या नमुन्यात नेमकी उलटी अडचण असते. इथे शोधायची गोष्ट वाटेत मरते. आव पडत असेल, रक्त किंवा शेंब असेल आणि डॉक्टरांना अमिबा पाहायचा असेल, तर तो पातळ शौचात हालचालीवरून ओळखतात. पातळ शौच अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवं. फ्रिजमध्ये ठेवलं तर अमिबाची हालचाल थांबते आणि तो ओळखू येत नाही. म्हणजे लघवीला जो बर्फ वाचवतो, तोच इथे घात करतो. हा नमुना दवाखान्यातच द्यावा. जुलाबाच्या जंतूंचं कल्चर हवं आहे आणि रोग्याला प्रवास झेपत नाही, तर आधी लॅबमधून कॅरी-ब्लेअर माध्यमाची नळी आणून ठेवावी. आवेचे काही जंतू साध्या डबीत तासा-दोन तासांतच मरू लागतात, या माध्यमात ते टिकतात. अमिबाची हालचाल पाहायला मात्र ही नळी उपयोगी नाही.

घट्ट शौचात जंतांची अंडी पाहायची असतील, तर सकाळी घरी घेतलेला नमुना त्याच दिवशी आणला तरी चालतो. उद्यावर मात्र टाकू नये. उबेत हूकवर्मची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि बाहेर पडलेल्या अळ्या दुसऱ्याच जंताच्या वाटू शकतात.

शौच घेताना खरी चूक जागेची होते. संडासाच्या भांड्यातून उचललेल्या नमुन्यात पाणी आणि फिनेल येतं. मागीलदारी मातीवरून उचललेल्यात मातीतल्या अळ्या येतात. आधी लघवी करून घ्यावी, मग कोरड्या, स्वच्छ, पसरट भांड्यात किंवा अंथरलेल्या प्लास्टिकवर शौच करावं. लघवी मिसळली तर अमिबा मरतो. डबीबरोबरच्या चमच्याने सुपारीएवढा तुकडा घ्यावा, पातळ असेल तर ५ ते १० मिलिलीटर. जिथे रक्त किंवा शेंब दिसतो तिथूनच घ्यावा, तो भाग गचाळ म्हणून टाळू नये. डबी काठोकाठ भरू नये. आत वायू साठतो आणि झाकण उडतं.

टीबीसाठीची थुंकी मात्र घरी घेतलेलीच सरस. रात्रभर छातीत साठलेला बेडका सकाळी उठल्यावर निघतो, तो दवाखान्याच्या आवारात दुपारी निघत नाही. टीबीचे जंतू इतके सावकाश वाढतात की दोन तासांच्या प्रवासाने आकडा बदलत नाही. तरी उन्हात ठेवू नये, आणि त्या दिवशी पोचणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावं. सरकारी कार्यक्रमात दोन नमुने मागतात: एक तिथल्या तिथे, दुसरा सकाळचा. लांबून आलेल्यांनी दुसरी खेप टाळायची असेल, तर निदान एक तासाच्या अंतराने दोन्ही नमुने त्याच दिवशी देता येतील का, हे जरूर विचारावं.

उकळून गार केलेल्या पाण्याने चूळ भरावी, पेस्ट लावू नये. अंगणात, माणसांपासून दूर, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं. न्हाणीघरात किंवा बंद खोलीत मुळीच नाही, कारण खोकल्यातले जंतू तिथे घरच्यांसाठी तरंगत राहतात. दोन-तीन खोल श्वास घेऊन शेवटचा क्षणभर रोखावा आणि पोटातून खोकावं. २ ते ५ मिलिलीटर पुरतं. डबी उजेडात धरून पाहावी: दाट, पिवळसर, तार धरणारं असेल तर छातीतलं. पाण्यासारखं, फेसाळ असेल तर लाळ, पुन्हा खोकावं. लाळेवरचा ‘जंतू नाहीत’ हा रिपोर्ट धरून रोगी महिनाभर घरात खोकत राहतो. न्यूमोनियाच्या कल्चरसाठी मात्र हा सैल हिशेब चालत नाही. तो नमुना लघवीसारखाच दोन तासांत पोचवावा.

लेबल डबीच्या अंगावर लावावं, झाकणावर नव्हे. लॅबमध्ये झाकणं काढून बाजूला ठेवली जातात आणि एकाच्या डबीवर दुसऱ्याचं नाव बसू शकतं. वाडीत निम्मी घरं एकाच आडनावाची असतात, म्हणून स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, वय, नमुन्याचा प्रकार, तारीख आणि घेतल्याची वेळ, सगळं लिहावं. ‘सकाळी’ असं नव्हे, ‘६.४०’ असं. नमुना किती जुना, हे लॅबला त्यावरूनच कळतं. नाव कोरड्या डबीवर आधीच पक्क्या मार्करने लिहून ठेवावं, वेळ नंतर भरावी. फ्रिजमधून काढलेल्या डबीला पावसाळी हवेत घाम फुटतो, तेव्हा चिकटपट्टी धरत नाही आणि बॉलपेन उमटत नाही. चिठ्ठी डबीला गुंडाळू नये, वेगळ्या पिशवीत ठेवावी. अँटिबायोटिक सुरू असेल तर त्याचं नाव आणि पहिल्या गोळीचा दिवस त्या चिठ्ठीवर लिहावा.