लेव्हेटिरासिटाम सिरपचे आठ महिने: वाढवत नेलेला डोस आणि एक चुकलेली रात्र

लेकीला सातव्या वर्षी तीन आठवड्यांत दोनदा फिट आली. ईईजी झाल्यावर डॉक्टरांनी लेव्हेटिरासिटामचं सिरप लिहून दिलं. ओपीडीत शेजारी बसलेल्या मुलाला व्हॅल्प्रोएट चालू होतं, म्हणून मी विचारलं, आम्हाला ते का नाही? डॉक्टर म्हणाले, ते औषध जुनं आणि चांगलं आहे, पण मुलींना शक्यतो टाळतो. पुढे वयात आल्यावर गरोदरपणात बाळाला त्याचा मोठा धोका असतो. शिवाय लिव्हर आणि प्लेटलेट्सवर लक्ष ठेवावं लागतं.

तेव्हा तिचं वजन 20 किलो. आमच्या सिरपमध्ये 1 मिलीला 100 मिग्रॅ औषध असतं. पहिला आठवडा सकाळ-रात्र 1 मिली, मग 2 मिली, मग 3 मिली, असं ठरलं. पूर्ण डोस पहिल्या दिवशीच दिला असता तर पोर दिवसभर पेंगत बसली असती. तरी तिसऱ्या पायरीला घोटाळा झालाच. 3 मिली सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी तिने डब्यातली पोळी भिंतीवर फेकली आणि खोडरबर सापडेना म्हणून अर्धा तास रडली. आमची पोर अशी नव्हती. या औषधाने काही मुलं चिडकी होतात, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, म्हणून मी औषध बंद न करता फोन केला. त्यांनी दोन आठवडे 2 मिलीवर थांबवलं, मग 2.5, मग 3. या वेळी चिडचिड राहिली, पण घर सहन करेल इतकीच.

चमच्याने औषध देऊ नका. चहाचा एक चमचा आणि दुसरा यांत किती फरक पडतो, ते सिरिंजने मोजून बघा. आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर 1 मिलीत किती मिग्रॅ ते वाचल्याशिवाय घरी आणू नका. ओपीडीतल्या त्या मुलाच्या व्हॅल्प्रोएट सिरपमध्ये 5 मिलीला 200 मिग्रॅ होतं. एकाचा मिलीचा आकडा दुसऱ्याच्या कामाचा नाही.

आता ती रात्र. जुलैचा पाऊस, लोकल बंद, नवरा कुर्ल्याला अडकलेला, मी साडेनऊला घरी पोहोचले. लेक झोपली होती. मला वाटलं सासूबाईंनी आठचा डोस दिला असेल. सासूबाईंना वाटलं, तिच्या बाबांनी ऑफिसला जाताना दोन्ही वेळचं सांगून ठेवलं असेल आणि शेजारच्या ताईंनी दिला असेल. सकाळी पावणेसातला ओट्यावर सिरिंज कोरडी दिसली, आणि बाटलीवर मी मार्करने मारलेली आदल्या सकाळची रेघ औषधाच्या पातळीशी तंतोतंत जुळत होती.

आधी एकदा साडेदहाला आठवलं होतं, तेव्हा झोपेतून उठवून दिला होता. आमच्या कागदावर तसंच लिहिलंय: दिवसातून दोनदा असेल तर चार तासांच्या आत आठवलं की लगेच द्या, त्यापुढे तो सोडा, पुढचा वेळेवर द्या, दुप्पट कधीच देऊ नका. आता तर अकरा तास होत आले होते. आठचा एकच द्यायचा, असं ठरवेपर्यंत तिला अंथरुणातच फिट आली. कुशीवर वळवलं, मोबाईलवर वेळ लावली, तोंडात काही घातलं नाही. एक मिनिट चाळीस सेकंद. फिट पाच मिनिटांपर्यंत थांबली नाही तर द्यायचा नाकातला मिडाझोलामचा स्प्रे तयार ठेवला होता, तो लागला नाही. सिरप ती पूर्ण जागी होऊन पाणी नीट गिळू लागल्यावर, सव्वाआठला दिलं, 3 मिलीच.

मला वाटलं, आता डोस वाढणार. डॉक्टरांनी वाढवला नाही. त्यांचं म्हणणं, लहान मुलांच्या शरीरातून हे औषध पाच-सहा तासांत निम्मं उतरतं. चोवीस तास न दिल्यावर आलेली फिट म्हणजे 3 मिली अपुरं पडलं असं होत नाही. डोस नीट चालू असताना आली असती तर वाढवला असता. ओकारी झाली तर काय, हेही तेव्हाच विचारून घेतलं: अर्ध्या तासाच्या आत झाली तर तोच डोस पुन्हा, नंतर झाली तर नाही.

आता ओट्यावर दोन स्टीलचे पेले आहेत, एकावर सूर्य, एकावर चांदोबा चिकटवलाय. सकाळी सूर्याच्या पेल्यातली सिरिंज वापरून धुवायची आणि चांदोबाच्या पेल्यात टाकायची, रात्री उलट. सिरिंज कुठल्या पेल्यात आहे हे बघितलं की डोस झाला की नाही ते कळतं, कोणाला विचारावं लागत नाही. 100 मिलीची बाटली 16 दिवस पुरते, म्हणून तेराव्या दिवशी दुसरी आणते. गणपतीत कोकणात जाताना दोन नेल्या, वाडीत दुकान नाही.

गेल्या आठवड्यात वजन 22.5 किलो भरलं. किलोमागे डोस थोडा कमी झालाय. जुलैनंतर फिट नाही, म्हणून सध्या 3 मिलीच.