भागीदार निवृत्त होतोय: एकरकमी हिशेब मिटवायचा, की थोडे रोख आणि बाकीचे कर्ज खात्यात?

तीन भागीदारांचे हार्डवेअरचे दुकान आहे असे समजा. थोरले, मधले आणि धाकटे यांचे नफ्याचे प्रमाण 2:2:1. थोरल्यांना आता बाजूला व्हायचे आहे. पुढे दोघे 3:2 ने धंदा चालवणार. थोरल्यांचे भांडवल 15 लाख, मधल्यांचे 12, धाकट्यांचे 8. सामान्य राखीव निधी 5 लाख, बाजाराचे देणे 10 लाख. समोरच्या बाजूला माल 20 लाख, येणे 12, गाळा 10 आणि बँकेत 8 लाख.

बँकेतला हा आठ लाखांचा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळा निर्णय त्यावर येऊन थांबतो.

आधी थोरल्यांचे घेणे किती ते ठरवू. गाळ्याची आजची किंमत 14 लाख, म्हणजे 4 लाख वाढ. पण रॅकच्या मागे वर्षानुवर्षे पडलेला माल आहे, त्यात दीड लाख कमी धरावे लागतात, आणि बुडीत येण्यापोटी 50 हजार. पुनर्मूल्यनाचा निव्वळ नफा 2 लाख, त्यात थोरल्यांचे 80 हजार. राखीव निधीतले 2 लाख. गेल्या वर्षांचा सरासरी नफा 9 लाख, त्याची दोन वर्षांची खरेदी धरली, म्हणजे दुप्पट केली, तर गुडविल, म्हणजे दुकानाच्या नावलौकिकाची किंमत, 18 लाख, थोरल्यांचा वाटा 7 लाख 20 हजार. भांडवल धरून एकूण 25 लाख.

गुडविलपाशी थोडे थांबू या, कारण बहुतेक चुका इथेच होतात. थोरल्यांच्या वाट्याचे 7.20 लाख उरलेल्या दोघांनी सोसायचे, पण कोणत्या प्रमाणात? पटकन 3:2 लावले जाते आणि ते चुकते. बघायचे ते लाभाचे प्रमाण, म्हणजे नव्या वाट्यातून जुना वजा. मधल्यांचे 3/5 वजा 2/5, म्हणजे 1/5. धाकट्यांचे 2/5 वजा 1/5, म्हणजे 1/5. दोघांना मिळाले सारखेच, म्हणून दोघांच्या भांडवल खात्यांना नावे प्रत्येकी 3.60 लाख आणि थोरल्यांच्या भांडवल खात्याला जमा 7.20 लाख. 3:2 ने लिहिले असते तर मधल्यांच्या नावे 4.32 लाख पडले असते, म्हणजे 72 हजार जास्त, आणि धाकट्यांना तेवढीच सूट मिळाली असती. ताळेबंद तरीही जुळतो, म्हणून ही चूक कोणाच्या नजरेत येत नाही.

गुडविल आधी पूर्ण 18 लाखांनी वहीत उभे करून मग 3:2 ने रद्द करण्याचीही पद्धत आहे. करून बघा, उत्तर तेच येते: मधल्यांचे भांडवल 11.20 लाख, धाकट्यांचे 5.80. घोळ होतो तो उभे केलेले गुडविल रद्द न करता तसेच ठेवले तर. दोघांचे भांडवल 35 लाख दिसते, खरे असते 17. बँकेचा अधिकारी पहिल्यांदा तेच खोडतो. स्वतः कमावलेले गुडविल मालमत्ता म्हणून दाखवू नये, हे लेखा मानक 26 चेही म्हणणे आहे. त्यामुळे भांडवल खात्यांतूनच समायोजन करावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता 25 लाख द्यायचे कसे? मार्ग तीन.

एकरकमी देण्यात मनाची शांतता आहे. थोरले मोकळे, फर्मही मोकळी. पण बँकेत आहेत 8, त्यातले धंद्याला किमान 3 हवेत. उरलेले 20 बँकेकडून काढायचे तर गाळा तारण जातो आणि हप्ता पुढच्याच महिन्यापासून. सीझनला माल उचलायला पुन्हा त्याच बँकेकडे गेलात तर हाताशी तारण उरलेले नसते.

दुसरी वाट: रोख 5 लाख आणि 20 लाख थोरल्यांच्या कर्ज खात्यात, म्हणजे फर्मने त्यांच्याकडून घेतलेले कर्ज म्हणून. रोजकीर्दीत थोरले भांडवल खाते नावे 25 लाख, बँक खात्याला जमा 5, थोरले कर्ज खात्याला जमा 20. भांडवल खाते त्याच दिवशी शून्य होते. मुद्दलाचा हप्ता दर वर्षी 4 लाख, शिल्लकेवर 10 टक्के व्याज, पाच वर्षे. पहिल्या वर्षी व्याज 2 लाख, म्हणजे हातातून 6 लाख जातात. कर भरून राहिलेला नफा 9 लाख धरला तर दोघांच्या घरखर्चाला उरतात 3. पूर्वी थोरल्यांच्या वाट्याला 3.60 लाख जायचे, आता 6 जातात, हा फरक सही करण्याआधी दोघांनी एकत्र बसून बघितला पाहिजे. तीन वर्षांत फेडू म्हणालात तर पहिल्या वर्षी 8.67 लाख जातील, उरतील 33 हजार. तेवढ्यात दोन घरे चालत नाहीत. पाच वर्षांचे एकूण व्याज 6 लाख पडते, पण दुकान चालू राहते.

तिसरी वाट अनेक घरांत नकळत निवडली जाते: थोडे पैसे देऊन बाकीची रक्कम भांडवल खात्यातच पडू देणे. 'घरातलाच माणूस, बघू पुढे.' ही टाळा. भागीदारी कायदा 1932 च्या कलम 37 नुसार अंतिम हिशेब न करता बाकीचे धंदा चालवत राहिले आणि वेगळा करार नसेल, तर निवृत्त भागीदाराला निवड मिळते: त्याच्या वाट्याच्या मालमत्तेच्या वापरातून झालेला नफा, किंवा सालाना 6 टक्के व्याज. धंदा चांगला चालला तर तो नफा मागेल, मंदावला तर व्याज. चार वर्षांनी कोणता नफा कोणत्या पैशातून झाला यावर भावाभावांत बोलणे बंद होते. कर्ज खाते, व्याजदर आणि तारखा निवृत्तीच्या करारनाम्यात लिहिल्या की हा प्रश्नच उरत नाही.

थोरल्यांच्या बाजूनेही बघा. 20 लाख बिनतारणी अडकतात. म्हणून त्यांनी दोन गोष्टी मागाव्यात: हप्ता चुकला तर सगळी बाकी एकदम देय, आणि दोघांची व्यक्तिगत हमी. शिवाय निवृत्तीची जाहीर सूचना. नोंदणीकृत फर्मसाठी ती निबंधकाकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. ती दिली नाही तर पुढच्या देण्यांसाठीही ते अडकू शकतात.

कराची बाब राहून जाते. 2021 पासून आयकर कायद्यात अशी तरतूद आहे की, भागीदाराला त्याच्या भांडवल खात्यापेक्षा जास्त मिळाले तर जास्तीच्या रकमेवर फर्मला भांडवली नफ्याचा कर लागतो. ते भांडवल खाते मोजताना पुनर्मूल्यन आणि स्वतः कमावलेले गुडविल धरायचे नाही. इथे खाते 17 लाख, मिळाले 25, जास्तीचे 8 लाख. कर भरणार फर्म, म्हणजे मधले आणि धाकटे. गुडविलचा आकडा ठरवायला बसाल तेव्हाच हा कर कोणी सोसायचा तेही बोलून घ्या. आकडा ठरल्यावर विषय काढला तर थोरल्यांना वाटते की आपल्या पैशांत काटछाट चालली आहे.

थोरले त्याच बाजारात नवे दुकान टाकणार असतील, किंवा नात्यात आधीच कटुता असेल, तर जड पडले तरी मी एकरकमीच सुचवेन. रोज समोरासमोर दुकान उघडायचे आणि वर्षाअखेर त्यालाच हप्ता द्यायचा, हे फार काळ निभत नाही. तसे नसेल तर 5 रोख, 20 कर्ज खात्यात, पाच वर्षे.